फाइल कागदांची, वही वाक्यांची

ऑनलाइन विक्रेत्यांच्या एका बैठकीत नुकताच दीड तास वाद झाला. निमित्त एका पाण्याच्या बाटलीचे. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली, लिस्टिंगवर लिहिलेले ‘24 तास थंड’. विक्री मंचाने पुरावा मागितला, तो वेळेत देता आला नाही आणि लिस्टिंग बंद पडली. एका बाजूचे म्हणणे असे की हा निव्वळ छळ आहे, सगळेच असे लिहितात, मग आम्हालाच का विचारता? दुसऱ्या बाजूचा सल्ला असा की सगळी प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये नीट लावून ठेवा आणि कोणी विचारले की पाठवून द्या. आवाज दोन्हीकडे चढले. पण ते 24 तास कोणत्या बाटलीवर मोजले होते, हा प्रश्न त्या दीड तासात एकाही माणसाने विचारला नाही. मला तो वाद तिथेच फसलेला वाटला. पुरावा मागणारा कोण आणि त्याला तो अधिकार आहे का, यावर भांडताना मूळ वाक्य खरे आहे की नाही हे विचारायचेच राहून गेले.

लिस्टिंगचा मजकूर लिहिणे हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळे माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रत्येक विक्रेत्याने दाव्यांची एक वही ठेवलीच पाहिजे, आणि त्या वहीची सुरुवात वाक्यापासून झाली पाहिजे. प्रमाणपत्रांची फाइल ‘आपल्याकडे काय काय आहे’ हे सांगते. वही ‘आपण काय काय बोललो आहोत आणि ते कशावर उभे आहे’ हे सांगते. वरवर पाहता हे एकाच गोष्टीचे दोन प्रकार वाटतील. पण फाइल कितीही जाड झाली तरी तिच्यात एक गोष्ट कधीच दिसत नाही: ज्या वाक्याला काहीच आधार नाही ते वाक्य. त्याचा कागदच नसतो, मग ते फाइलमध्ये येणार कुठून? वहीत मात्र तेच वाक्य रिकाम्या रकान्यासह समोर उभे राहते.

त्या बाटलीकडेच बघू. पुढे त्या विक्रेत्यांनी मला मजकूर तपासायला बोलावले, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये प्रयोगशाळेचा अहवाल होता. अहवाल खरा होता. 750 मिलीच्या बाटलीत 4 अंश सेल्सिअसचे पाणी काठोकाठ भरले, झाकण लावले, बाटली 20 अंशांच्या खोलीत ठेवली, आणि 24 तासांनी पाणी 9 अंशांवर होते. उत्तम बाटली. पण ‘24 तास थंड’ हे वाक्य 350, 500, 750 मिली आणि 1 लिटर अशा चारही मापांच्या लिस्टिंगवर होते. आता विचार करा. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असल्यामुळे उष्णता मुख्यतः गळ्यातून आणि झाकणातून आत येते. या चारही बाटल्यांचे तोंड आणि झाकण एकच आहे. म्हणजे आत येणाऱ्या उष्णतेची वाट तेवढीच, पण 350 मिलीत ती उष्णता पोटात घेणारे पाणी निम्म्याहून कमी. त्यामुळे छोट्या बाटलीतले पाणी दुपटीहून अधिक वेगाने तापणार. याच अहवालातले आकडे धरून कागदावर ढोबळ हिशेब केला, तर त्याच 20 अंशांच्या खोलीत 350 मिलीतले पाणी 24 तासांनी सुमारे 13 अंशांवर पोचते. आणि खोली 35 अंशांची असेल तर? मोठ्या बाटलीतले पाणी सुमारे 14 अंशांवर, छोट्यातले 21 अंशांवर. एकवीस अंशांच्या पाण्याला थंड कोण म्हणेल? वाक्य तेच, अहवाल तोच, आणि तरी चारपैकी निदान एका मापावर ते वाक्य सरळ खोटे होते. फाइल तपासणाऱ्याला हे कधीच कळले नसते, कारण फाइलमध्ये अहवाल होता!

म्हणून वहीतला सर्वात मोलाचा रकाना पुराव्याचा नसतो, व्याप्तीचा असतो. कोणत्या नगावर, कोणत्या मापावर, कोणत्या परिस्थितीत? त्याच्या शेजारी मी आणखी एक रकाना आवर्जून ठेवतो: हे वाक्य वाचून घेणाऱ्याला काय समजेल? लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याला तिथे जागा नाही. त्याच बाटलीवर ‘बीपीए मुक्त’ असे लिहिले होते. बीपीए हे काही प्लॅस्टिकांत आढळणारे रसायन; स्टीलमध्ये ते नसतेच, तेव्हा भिंतीपुरते ते वाक्य खरे पण निरर्थक. वाचणारा मात्र झाकण, स्ट्रॉ, आतली सिलिकॉनची रिंग असे तोंडाला आणि पाण्याला लागणारे सगळे त्यात धरतो. अहवाल होता तो झाकणाच्या प्लॅस्टिकचा, आणि तोही आधीच्या पुरवठादाराच्या झाकणाचा. ‘304 स्टील’ या शब्दांचीही तीच गत. पोलाद गिरणीचे प्रमाणपत्र होते, त्यावर वितळणीचा क्रमांकही होता, पण तो क्रमांक या बाटल्यांच्या लॉटशी जोडणारा एकही कागद नव्हता. बाजारात 304 च्या नावाखाली 201 जातीचे स्टील सर्रास येते. त्यात निकेल कमी आणि मँगॅनीज जास्त. अनेक जण लोहचुंबक लावून पाहतात, पण त्याचा उपयोग नाही. दोन्ही जाती मुळात चुंबकाला दाद देत नाहीत आणि ठोकून-ओढून आकार दिल्यावर दोन्ही थोड्या थोड्या देऊ लागतात. धातू तपासणाऱ्यांकडे हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र असते, त्याने काही सेकंदांत निकेल-मँगॅनीजचे प्रमाण दिसते. तसे तपासल्यावर आतली भिंत 304 निघाली आणि बाहेरची 201. आता बाहेरच्या भिंतीला पाणी लागत नाही, त्यामुळे त्यात गैर काही नाही. फक्त वाक्य ‘आतली भिंत 304 स्टीलची’ असे व्हायला हवे होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पुरवठादाराने लेखी दिले होते, मग विक्रेत्याने कारखान्यात जाऊन बसायचे का? मान्य, प्रत्येक शब्द स्वतः तपासणे कोणालाच शक्य नाही. पण ‘लेखी दिले होते’ हे कुठपर्यंत पुरते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत घडले. बांबूच्या कापडाचे मोजे, चादरी, अंगावरचे कपडे ‘बांबूचे’ म्हणून विकले जात होते. प्रत्यक्षात बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून काढलेला तो रेयॉन होता, आणि कायद्याने त्याला रेयॉनच म्हणायला हवे होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2010 मध्ये 78 विक्रेत्यांना पत्रे पाठवून हे कळवले. तरीही काहींचा मजकूर तसाच राहिला आणि 2013 मध्ये चार मोठ्या विक्रेत्यांना मिळून 12 लाख 60 हजार डॉलरचा दंड भरावा लागला. कापड त्यांनी विणले नव्हते, पण वाक्य त्यांच्या पानावर होते. मला या घटनेत दंडापेक्षा मधली तीन वर्षे महत्त्वाची वाटतात. पत्र आल्यावर ‘बांबू’ हा शब्द आपल्या हजारो पानांपैकी कुठे कुठे आहे, हे एका जागी लिहिलेले असते तर तो बदलायला किती दिवस लागले असते?

दुसरा मुद्दा तारखेचा. ‘विचारले की पुरावा मिळवू’ ही वृत्ती मला सगळ्यात जास्त खटकते. हा प्रश्न 1972 मध्येच फायझरच्या एका मलमाच्या प्रकरणात निकाली निघाला आहे. उन्हाने भाजलेल्या त्वचेवरच्या त्या मलमाची जाहिरात कमिशनपुढे आली, तेव्हा कमिशनने तत्त्व मांडले की दावा करण्याआधी विक्रेत्याच्या हातात त्यासाठी वाजवी आधार असला पाहिजे. त्या कंपनीविरुद्धची तक्रार शेवटी फेटाळली गेली, पण तत्त्व टिकले. नंतर चाचणी करून दावा खरा निघाला तरी बोलताना तुम्हाला ते माहीत नव्हते, म्हणजे तुम्ही घेणाऱ्याच्या पैशावर जुगार खेळलात. म्हणून वहीत दोन तारखा हव्यात: पुराव्याची आणि वाक्य प्रसिद्ध झाल्याची. दुसरी तारीख पहिलीच्या आधीची असेल तर ती ओळ आपोआप सदोष ठरते, तिथे कोणाच्या मताची गरजच उरत नाही.

तारखेचे हे महत्त्व व्यापाराला नवे नाही. इंग्लंडमध्ये 1300 च्या कायद्याने चांदीच्या कसासाठी बिबट्याच्या मुखाचा छाप आला. 1363 मध्ये कारागिराची स्वतःची खूण सक्तीची झाली. तरीही 1478 मध्ये लंडनला छापात आणखी एक गोष्ट घालावी लागली: वर्षाचे अक्षर. छाप खरा असूनही चांदी हिणकस निघाली, तर ती कोणाच्या कारकिर्दीत तपासली गेली हे त्या अक्षरावरून कळत असे. म्हणजे नुसता ‘तपासले आहे’ असा शिक्का पुरत नाही, कोणी आणि कधी तपासले हे वस्तूबरोबरच चालले पाहिजे, हे सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या सोनारांना कळले होते. आमच्या बाटलीच्या अहवालाची जी प्रत फाइलमध्ये होती तिच्यावर तारखेच्या जागी कॉफीचा डाग होता.

आता कष्टांविषयी. छोट्या विक्रेत्याकडे माणसे नसतात आणि लिस्टिंग भरपूर असतात. प्रत्येक वाक्याची नोंद करायची तर धंदा कधी करायचा? ही तक्रार मी हलक्यात घेत नाही. पण बहुतेकांनी ती मोजून पाहिलेली नसते. या बाटलीवाल्यांकडे मापे आणि रंग धरून 40 लिस्टिंग होत्या आणि प्रत्येकीवर सरासरी बारा विधाने. आकडा पाचशेच्या घरात जातो आणि छाती दडपते. आम्ही ती सगळी एका तक्त्यात उतरवून क्रमाने लावली, तेव्हा वेगळी अशी विधाने निघाली 34. बाकीची तीच तीच, किंचित शब्द बदलून फिरलेली. त्या 34 पैकी वजन, उंची, तोंडाचा व्यास, किती मिली मावते, अशी बरीच विधाने तराजू, फूटपट्टी आणि मोजपात्राने एका दुपारी निकालात निघाली. ‘गळत नाही’ यालाही प्रयोगशाळा लागली नाही. वेगवेगळ्या खोक्यांतून दहा बाटल्या उचलल्या, भरल्या, कोरड्या कागदावर तासभर उलट्या ठेवल्या, तारीख आणि लॉट क्रमांक दिसेल असे फोटो काढले. पुरावा म्हणजे लेटरहेडवरचा गुळगुळीत कागदच, ही समजूत सोडली की काम निम्म्याने कमी होते. दाव्याच्या वजनाप्रमाणे पुराव्याचे वजन. आरोग्याशी, सुरक्षेशी संबंधित वाक्याला जाणकार तपासणी हवीच, मापाच्या वाक्याला माप पुरते. आणि शेवटी पाच-सहा वाक्ये अशी उरली की त्यांना काहीच आधार नव्हता. ती पुसायला दहा मिनिटे लागली.

सर्वात अवघड आक्षेप एका वकिलांनी माझ्यासमोर ठेवला होता, आणि त्याचा विचार करायला मला बरेच दिवस लागले. ते म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवताय की या वाक्याला पुरावा कच्चा आहे. उद्या वाद झाला तर हीच वही तुमच्याविरुद्ध उभी राहील. माहीत नव्हते असे म्हणायची सोयही राहणार नाही.’ हे शब्दशः खरे आहे. अर्धवट ठेवलेली वही मुळीच न ठेवण्यापेक्षा वाईट असते, हे मी मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘वही ठेवू नका’ असा कसा होईल? तो ‘कच्ची ओळ आणि चालू वाक्य एका दिवशी एकत्र राहू देऊ नका’ असा होतो. म्हणून मी ओळीला तीनच अवस्था ठेवतो: आधार आहे, वाक्य आखडते घेतले, वाक्य काढले. ‘बघू’, ‘मागवले आहे’, ‘बहुधा ठीक’ अशी चौथी अवस्था ठेवली की वकिलांची भीती खरी ठरते. पुरावा येईपर्यंत वाक्य खाली, आला की वर. अडचण सोसायची नसेल तर वहीच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. मात्र अज्ञान हीच ढाल म्हणून वापरायची असेल, तर ती कोणापासून बचाव करते आहे याचाही विचार व्हावा. पलीकडे पैसे मोजणारा माणूस आहे.

उरला विक्रीचा मुद्दा. ‘आतली भिंत 304’ हे वाक्य ‘शुद्ध 304 स्टील’ इतके झळकत नाही, हे मी रोज अनुभवतो. शिवाय प्रत्येक विशेषणाला पुरावा मागितला तर मजकूर सरकारी पंचनाम्यासारखा होईल, ही भीतीही बरोबर आहे. पण विशेषणांना पुरावा मागतो कोण? 1892 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर कार्बोलिक स्मोक बॉल, म्हणजे आजार टाळण्यासाठी नाकाशी धरायचा औषधी गोळा, विकणाऱ्या कंपनीचा खटला आला. सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर 100 पौंड देऊ, अशी जाहिरात होती. श्रीमती कार्लिल यांनी वापरला, त्यांना इन्फ्लुएंझा झाला आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली ही नुसती जाहिरातीची बढाई होती. न्यायालयाने जाहिरातीतल्याच पुढच्या वाक्याकडे बोट दाखवले: आमचा प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी 1000 पौंड बँकेत ठेवले आहेत. आकडा दिलात, अट दिलीत, बँक सांगितलीत, मग बढाई कसली? वहीची हद्द नेमकी इथेच आहे. ‘देखणी’, ‘हातात छान बसते’, ‘प्रवासाची सोबतीण’ ही वाक्ये वहीत येत नाहीत, खुशाल लिहा. ज्या क्षणी तास, अंश, जात, टक्के किंवा ‘मुक्त’ हा शब्द येतो त्या क्षणी वाक्य तपासता येण्याजोगे होते, आणि म्हणून वहीत येते.

वही मोडते कुठे, हेही सांगायला हवे, कारण नुसती सुरू केलेली वही महिनाभरात मरते. दोन जागा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पहिली जागा म्हणजे चित्रे. शीर्षक आणि मुद्दे शोधून बदलता येतात, पण चित्रावर छापलेला मजकूर शोधात सापडत नाही. ‘24 तास’ सगळीकडून काढल्याची खात्री झाल्यावर निळ्या 350 मिलीच्या बाटलीच्या चौथ्या चित्रात, खालच्या कोपऱ्यात, बर्फाच्या खड्यांशेजारी ते बारीक अक्षरांत हसत होते. शिवाय मजकुरातले ‘10 अंशांखाली’ चित्र करणाऱ्याने ‘बर्फासारखे गार’ केले होते; त्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच. म्हणून वाक्य कुठे कुठे आहे या रकान्यात चित्राचा क्रमांक, खोक्यावरची बाजू आणि ग्राहकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेसुद्धा लिहावी लागतात. दुसरी जागा म्हणजे बदल. पुरावा सहसा जुना होऊन मरत नाही, माल बदलल्यामुळे मरतो. पुरवठादार झाकण बदलतो, रंगाचा लेप बदलतो, स्वस्त रिंग घालतो, आणि कळवत नाही. वर्षातून एकदा वही चाळणे त्यामुळे पुरेसे नाही. खरेदीच्या ऑर्डरलाच वही बांधावी लागते: नवा लॉट आला की एक नग उघडायचा, जुन्या ठेवलेल्या नगाशेजारी ठेवायचा, झाकण, रिंग आणि वजन पाहायचे. दहा ग्रॅमचा फरक दिसला तरी संबंधित ओळी पुन्हा उघडायच्या.

350 मिलीच्या ओळीचे पुढे काय झाले ते सांगतो. विक्रेत्यांनी तीन बाटल्या स्वतः तपासल्या. खोली 32 अंशांची, पाणी 4 अंशांचे, एकच बाटली दर तासाला उघडली तर उष्णता आत शिरते म्हणून प्रत्येक बाटली एकदाच, वेगवेगळ्या तासाला उघडली: सहाव्या, आठव्या आणि बाराव्या. सहाव्या तासाला पाणी 9 अंशांवर होते, आठव्याला 10 च्या किंचित वर. तीन बाटल्यांची चाचणी लहानच, आणि बाटली-बाटलीत फरक असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल करून पुन्हा मोजले. मग लिस्टिंगवर वाक्य गेले: ‘32 अंशांच्या खोलीत 6 तास 10 अंशांखाली, काठोकाठ भरून, झाकण न उघडता.’ शेजारच्या लिस्टिंगवर अजून 24 तासच आहेत आणि त्यांची बाटली जास्त खपते, हे त्यांनी मला सांगितले आणि मी ते नाकारले नाही. गेल्या आठवड्यात नवा लॉट आला. झाकण तेच दिसते, पण आतली रिंग पूर्वी पांढरी होती, आता पारदर्शक आहे. ‘गळत नाही’ आणि ‘बीपीए मुक्त’ या दोन्ही ओळी उघडल्या आहेत आणि दोन्ही वाक्ये सध्या खाली उतरवलेली आहेत.